अनुभव धागा : ब्राउझर अपडेट झाल्यावर बंद पडलेली एक्स्टेंशन्स

धागाकर्ती
मी वेबपानांच्या कडेला टिपणे लिहून ठेवणारे एक एक्स्टेंशन बरीच वर्षे वापरत होते. क्रोमच्या अपडेटनंतर ते राखाडी झाले, ते चालू करण्याचे बटण दाबता येईना, आणि 'हे एक्स्टेंशन आता समर्थित नाही, काढून टाका' असा संदेश आला. टिपणे आतच अडकली आहेत. ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांनी कारण कसे शोधले आणि पर्याय कसा निवडला, हे सविस्तर लिहावे.

मुळाक्षर
सर्वप्रथम, 'काढून टाका' हे बटण दाबू नका, कारण एक्स्टेंशनसोबत त्याने साठवलेली माहितीही पुसली जाते. कारण बहुधा मॅनिफेस्टच्या आवृत्तीत आहे. प्रत्येक एक्स्टेंशनच्या फोल्डरमध्ये त्याची माहिती ब्राउझरला सांगणारी `manifest.json` ही फाइल असते, तिलाच मॅनिफेस्ट म्हणतात. तीत पुढील ओळ दिसली की निदान जवळजवळ पक्के झाले असे समजावे.

```
"manifest_version": 2
```

दुसऱ्या आवृत्तीची एक्स्टेंशन्स क्रोमने 2024 च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने बंद केली. सुरुवातीला ती हाताने पुन्हा चालू करता येत असत आणि कार्यालयांना धोरणाद्वारे मुदतवाढ मिळत असे. 139 व्या आवृत्तीपर्यंत हे दोन्ही मार्ग संपले. म्हणजे तुमचे एक्स्टेंशन बिघडलेले नाही, ते ज्या पद्धतीने लिहिले होते ती पद्धतच ब्राउझरने काढून घेतली आहे.

सावलीचे झाड
मला वाटते की हे सारे जाहिराती अडवणाऱ्यांना रोखण्यासाठीच केले आहे. डेव्हलपर मोड चालू करून जुने फोल्डर 'लोड अनपॅक्ड'ने घेतले की एक्स्टेंशन पूर्ववत चालते. मी तसेच चालवले होते.

मुळाक्षर
तो उपाय त्या वेळी खरोखर चालत होता, पण आताच्या आवृत्त्या दुसऱ्या मॅनिफेस्टचे फोल्डर अशा रीतीनेही स्वीकारत नाहीत. हेतूबद्दल मी काही म्हणणार नाही. परिणाम मात्र जाहिरात-रोधकांवर सर्वाधिक झाला हे खरे, कारण पूर्वी एक्स्टेंशन प्रत्येक विनंती स्वतः तपासून अडवत असे आणि आता त्याला नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हाती द्यावी लागते. टिपणांच्या एक्स्टेंशनला या बदलाची अडचण नसते. ते नव्या पद्धतीने पुन्हा लिहिता येते, फक्त ते लिहिणारा कोणी उरलेला असावा लागतो.

पाऊलवाट
माझेही एक्स्टेंशन अपडेटनंतर बंद झाले होते. मी त्याच्या पानावर जाऊन परवानगी दिली आणि ते सुरू झाले. धागाकर्तीनेही तेच करावे.

मुळाक्षर
तुमचे प्रकरण वेगळे आहे. एक्स्टेंशनच्या नव्या आवृत्तीने जास्तीची परवानगी मागितली की तुम्ही ती मान्य करेपर्यंत क्रोम ते थांबवून ठेवतो. तिथे बटण दाबता येते. इथे ते दाबताच येत नाही, आणि हाच फरक आधी पाहायला हवा.

धागाकर्ती
फाइलमध्ये 2 हाच आकडा आहे. आता टिपणे कशी बाहेर काढावीत?

मुळाक्षर
`chrome://version` उघडा, तिथे `Profile Path` समोर तुमच्या प्रोफाइलचा पत्ता मिळेल. ब्राउझर पूर्ण बंद करून त्या फोल्डरमधील `Local Extension Settings` शोधा. त्यात प्रत्येक एक्स्टेंशनचे बत्तीस अक्षरी ओळखनाव असलेले फोल्डर असते. ते ओळखनाव `chrome://extensions` वर डेव्हलपर मोड चालू केल्यावर दिसते. ते संपूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा आणि पुढचे प्रयोग त्या प्रतीवरच करा. `.log` फाइलमधला मजकूर साध्या संपादकात बराचसा वाचता येतो. `.ldb` फाइली मात्र दाबून साठवलेल्या असल्याने तुटक दिसतात आणि त्यांना वेगळे साधन लागते. एक्स्टेंशनने माहिती `IndexedDB` मध्ये ठेवली असेल, तर ती याच प्रोफाइलमधील त्या नावाच्या फोल्डरमध्ये असेल.

धागाकर्ती
`.log` मधून अलीकडची टिपणे मिळाली, जुनी `.ldb` मध्येच आहेत. ती वाचण्याचे खात्रीचे साधन कोणी वापरले असल्यास सांगावे.

निळी शाई
पर्यायाविषयी माझा अनुभव सांगते. मी आधी त्याच निर्मात्याची नवी आवृत्ती शोधली, कारण त्याच नावाच्या आणि चिन्हाच्या नकला दुकानात सहज सापडतात. यूब्लॉक ओरिजिन या जाहिरात-रोधकाच्या बाबतीत त्याच निर्मात्याने लाइट ही आवृत्ती वेगळी काढली आहे. तिच्या याद्या एक्स्टेंशनच्याच अपडेटसोबत येतात, त्यामुळे एखादी नवी जाहिरात अडायला वेळ लागतो. तो फरक मला चालला नाही, म्हणून मी फायरफॉक्सकडे वळले; तिथे विनंती अडवण्याची जुनी सोय अजून आहे आणि मूळ यूब्लॉक ओरिजिन चालते. टिपणांसाठी नवे एक्स्टेंशन घ्याल तेव्हा सर्व माहिती एका साध्या फाइलमध्ये निर्यात करता येते का हे स्थापनेआधीच पाहा. मी पहिल्याच दिवशी एक नमुना टिपण लिहून, निर्यात करून ती फाइल उघडून पाहिली.

पाऊलवाट
माझ्या एक्स्टेंशनची फाइल आता उघडली. तीतही 2 हाच आकडा आहे, तरी ते चालते आहे. माझा ब्राउझर क्रोम नाही, क्रोमचाच पाया असलेल्या क्रोमियमवर बांधलेला दुसरा आहे.

मुळाक्षर
अशा ब्राउझरच्या काही निर्मात्यांनी जुना आधार काही काळ टिकवला आहे, परंतु क्रोमियममधूनच तो काढल्यावर तो किती दिवस सांभाळतील हे त्यांच्यावर अवलंबून आहे. आजच निर्यात करून ठेवा.