उत्तर: रेंडरमधला बुटका कठडा
«गच्चीच्या मॉडेलमध्ये कठड्याला हात लावला नाही, तरी रेंडरमध्ये तो बुटका का दिसतो?»

बहुतेक वेळा दोष लेन्सला दिला जातो, पण आधी स्लॅबवर टाकलेला डेक तपासा. पॅड, खालच्या पट्ट्या आणि वरच्या फळ्या मिळून सहज 100 मिमी होतात. स्लॅबवरून 1.15 मीटर असलेला कठडा डेकवरून 1.05 मीटरच उरतो. मॉडेलमध्ये तो तसूभरही हललेला नसतो, जमीनच वर आलेली असते. हे चित्रावरच मोजता येतं. कॅमेरा अगदी सरळ ठेवा, डोळा पायाखालच्या तळापासून 1.5 मीटरवर. कठड्याचा पाया ते क्षितिजरेषा 300 पिक्सेल भरलं, तर कठडा 230 पिक्सेल हवा. 210 आला तर डेकने खाल्ला. वाइड लेन्सने हे प्रमाण बदलत नाही. कॅमेरा खाली वाकवला तर मात्र बिघडतं.

जिन्याच्या दारातही हाच घोळ होतो. 2.10 मीटरच्या उघडीपर्यंत डेक नेला की डोक्यावर 2.00 उरतात, शिवाय बाहेर उघडणारं दार डेकला अडतं. म्हणून दारासमोर दीडएक मीटर मूळ फरशीच ठेवा, डेक त्यापुढे सुरू करा आणि पर्गोलाचे खांबही डेकच्या हद्दीतच उभे करा. स्केचअपमध्ये स्लॅब, कठडा आणि जिना यांचा एक ग्रुप करून `Lock` करा, म्हणजे कुंड्या सरकवताना चुकून काही ओढलं जाणार नाही. बाक कठड्याला चिकटवू नका. 45 सेंमीच्या बाकावर चढलेल्या पोराला स्लॅबवरूनसुद्धा 70 सेंमीचाच आडोसा राहतो, आणि रेंडरमध्ये ते कुणाच्याच लक्षात येत नाही.