मदत हवी आहे: पगारावर कर शून्य, पण वरकमाईमुळे ७६ हजार निघतायत. बरोबर आहे का?

शनिवारचा मास्तर | ११ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी,

नाशिकला खाजगी कंपनीत नोकरी करतो. पगार वर्षाला ११ लाख ९० हजार. नवी करप्रणाली आहे, कंपनी एक पैसाही टीडीएस कापत नाही, त्यामुळे आजवर निवांत होतो. काल सुट्टी होती म्हणून सहज बाकीची कमाई मांडून बघितली आणि झोप उडाली.

मार्चअखेरचा अंदाज असा: पुण्याच्या एका एजन्सीसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं मराठी भाषांतर करतो, त्याचे खात्यात येतील ८६,४००. शनिवार-रविवार मुलांच्या घरी जाऊन गणित शिकवतो, त्याचे ६०,०००, थोडे रोख आणि थोडे यूपीआयने. एफडीचं व्याज २८,००० आणि बचत खात्याचं ३,०००. पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट काढून हे सगळं मिळवलं तर १२,९२,४०० होतात. त्यावर सेससकट कर ७६,८१४!

१२ लाखांपर्यंत कर नाही ना? मग ९२ हजार जास्त झाले तर ७६ हजार कसे? माझा हिशोब चुकलाय का? आणि नोव्हेंबरमध्ये ५२ हजारांचा लॅपटॉप घेतलाय, तो पूर्ण वजा होईल ना?

कट्टेकरी | ११ जानेवारी

शीर्षक वाचून वाटलं सरकारी खात्यात टेबलावर बसता. वरकमाई म्हणे! :)

एजन्सी टीडीएस कापते ना? मग त्या पैशांचा कर भरून झाला, विषय संपला. फॉर्म १६ घ्या, आयटीआर-१ भरा, शिकवणीचं 'इतर स्रोत' मध्ये टाका. मी सहा वर्षं हेच करतोय, कोणी विचारलेलं नाही.

जमाखर्च | ११ जानेवारी

कट्टेकरी, अर्धंच बरोबर. टीडीएस म्हणजे आगाऊ जमा झालेली रक्कम. ती अंतिम करातून वजा होते, पण म्हणून ते उत्पन्न बेरजेतून गळत नाही. आणि नियमित मोबदल्यावर चाललेलं भाषांतर हा व्यवसाय आहे, तो आयटीआर-१ मध्ये बसत नाही. एजन्सीने व्यावसायिक फी म्हणून टीडीएस कापलाय आणि तुम्ही व्यवसायाचं उत्पन्नच दाखवलेलं नाही, हे विभागाच्या संगणकाला सहज दिसतं. सहा वर्षं विचारलं नाही हे तुमचं नशीब.

मास्तर, तुमची बेरीज चुकली आहे, पण तुम्हाला वाटतं त्याच्या उलट दिशेला. ८६,४०० हे बँकेत येणारे पैसे झाले ना? दरमहा बिल कितीचं करता?

शनिवारचा मास्तर | ११ जानेवारी

८,००० चं. ७,२०० जमा होतात. वहीत ७,२०० च लिहितो.

जमाखर्च | ११ जानेवारी

तीच पहिली चूक. उत्पन्न ८,००० आहे, ८०० तुमच्या नावाने सरकारकडे गेलेत. म्हणजे वर्षाचं भाषांतर ९६,००० आणि आधीच भरलेला कर ९,६००. वहीत बिलाची तारीख, बिल क्रमांक, बिलाची रक्कम, कापलेला टीडीएस आणि जमा झालेली रक्कम असे वेगळे रकाने हवेत. फक्त बँकेचं पासबुक बघून वही लिहिली की हे हमखास होतं.

मार्चच्या बिलाचंही बघा. पैसे एप्रिलमध्ये येतील, पण एजन्सी ते ३१ मार्चलाच खर्ची टाकून टीडीएस दाखवेल, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या पत्रकात, २६एएसमध्ये, ते याच वर्षात दिसेल. वही बिलाच्या तारखेने लिहिली तर जुळतं. पैसे आल्याच्या तारखेने लिहायचं असेल तर दरवर्षी तसंच लिहा. सोयीप्रमाणे कधी हे, कधी ते, असं नको.

आता १२ लाखांचं. सवलत मिळते ती एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तरच. एकदा रेघ ओलांडली की मुळातल्या टप्प्यांनी कर लागतो आणि १२ लाखांवरचा तो कर ६०,००० असतो. रेघ थोडक्यात ओलांडणाऱ्यांवर अन्याय होऊ नये म्हणून सीमांत सूट आहे: १२ लाखांच्या वर जितकी रक्कम, कर त्याहून जास्त नाही. हे साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत चालतं. तुमचा खरा आकडा खर्च न धरता १३,०२,००० येतो, म्हणजे सूट नाही आणि कर सेससकट ७८,३१२.

पण तुम्ही खर्च धरलेच नाहीत. ते सांगा.

रत्नागिरीकर | ११ जानेवारी

माझंही असंच आहे. मी आंब्याच्या पेट्या ओळखीच्यांना पाठवतो, मे महिन्यात लाखभर होतात. मला जीएसटी नंबर घ्यावा लागेल का?

जमाखर्च | ११ जानेवारी

मास्तरांना शिकवणी आणि भाषांतराची उलाढाल २० लाखांच्या खाली असल्याने नोंदणीची गरज नाही, पगार त्यात धरत नाहीत. तुमच्या आंब्यांचं वेगळं आहे. बाग स्वतःची की विकत घेऊन पाठवता यावर सगळं अवलंबून. वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

शनिवारचा मास्तर | १२ जानेवारी

खर्च मांडले. मोठ्या पुस्तिका असल्या की एका ताईंकडून मुद्रितशोधन करून घेतो, वर्षाचे १६,००० यूपीआयने दिलेत. इंटरनेट वर्षाला ९,६००. झेरॉक्स, प्रश्नसंच, फळा वगैरे ७,०००. स्कूटरचं पेट्रोल अंदाजे ५,०००. आणि लॅपटॉप ५२,०००.

जमाखर्च | १२ जानेवारी

लॅपटॉप ही मालमत्ता आहे, तिचा घसारा मिळतो. दर ४० टक्के, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा. नोव्हेंबरची खरेदी म्हणजे २० टक्के, १०,४००. घरचेही वापरतात?

शनिवारचा मास्तर | १२ जानेवारी

मुलगी अभ्यासाला घेते. म्हणजे सिनेमेच बघते. अर्धा वापर माझा.

जमाखर्च | १२ जानेवारी

मग ५,२०० धरा. इंटरनेटही निम्मं, ४,८००. एकूण खर्च ३८,००० झाला आणि उत्पन्न १२,६४,०००. आता तुम्ही सीमांत सुटीच्या पट्ट्यात आलात. टप्प्यांनी कर ६९,६०० येतो, पण १२ लाखांच्या वर फक्त ६४,००० असल्याने कर ६४,०००. सेस धरून ६६,५६०, त्यातून ९,६०० गेले की भरायचे राहिले ५६,९६०.

या पट्ट्यात तुमची वही सोन्याची आहे. एरवी हजाराच्या खर्चाने दीडशे रुपये वाचतात, इथे हजाराची एक पावती सापडली की कर सेससकट १,०४० ने उतरतो. उलट 'अंदाजे पेट्रोल ५,०००' मागे पुरावा नसेल आणि ते कोणी नाकारलं तर ५,२०० भरावे लागतील. तारीख, कुणाच्या घरी, किती किलोमीटर, एवढी ओळ रोज लिहा. पंपाच्या पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा, तो कागद सहा महिन्यांत कोरा होतो.

नाना पुणेकर | १२ जानेवारी

एवढं कशाला? शिकवणीला आयकराचं अंदाजी नफ्याचं कलम ४४एडी लावा. ६ टक्के नफा दाखवायचा, रोख असेल तर ८. साठ हजारांचे पाच हजारही होत नाहीत. भाषांतराला ४४एडीए लावा, निम्मं उत्पन्न. वही नको, पावती नको.

जमाखर्च | १२ जानेवारी

नाना, ४४एडीए ठरावीक व्यवसायांनाच आहे: वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट आणि आणखी काही. भाषांतरकार त्या यादीत नाही, त्यामुळे ते बाद.

शिकवणी ४४एडीत बसते की नाही यावर खुद्द सीए लोकांत दोन मतं आहेत. शिकवणं हा धंदा की पेशा, तिथेच अडतं. शिवाय खरा नफा ऐंशी टक्के असताना सहा दाखवावा का, यावरही वाद आहे. आणि एकदा त्यात शिरून पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं दार बंद. मी स्वतः दाखवणार नाही.

नाना पुणेकर | १२ जानेवारी

आमच्या सीएने तीन वर्षं दाखवलंय. कायद्यात ६ टक्के लिहिलंय तर लिहिलंय.

शनिवारचा मास्तर | १३ जानेवारी

त्या वादात पडत नाही, खरे खर्चच दाखवतो. ५६,९६० जुलैमध्ये रिटर्न भरताना भरले तर चालतील?

जमाखर्च | १३ जानेवारी

चालणार नाही. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त कर निघत असेल तर आगाऊ कर लागतो. जून, सप्टेंबर आणि डिसेंबरचे हप्ते तुमचे हुकलेच आहेत. १५ मार्चपर्यंत सगळे भरलेत तर व्याज साधारण २,३०० पडेल, उशीर केलात तर आणखी वाढत जाईल.

दुसरा रस्ता म्हणजे कंपनीला हे इतर उत्पन्न लेखी कळवा आणि उरलेल्या तीन पगारांतून टीडीएस कापायला सांगा. पगारातून कापलेला कर कधीही कापला तरी आगाऊ कराच्या हिशोबातून वजा धरतात, त्यामुळे ते व्याजही वाचतं.

शनिवारचा मास्तर | १३ जानेवारी

एचआरला शिकवणीचा पत्ता नाही आणि नेमणूकपत्रात 'अन्य कामास मनाई' अशी ओळ आहे. २,३०० व्याज परवडलं.

कट्टेकरी | १३ जानेवारी

हाहा. ही खरी वरकमाई.

जमाखर्च | १३ जानेवारी

मग आयकर पोर्टलवर e-Pay Tax मध्ये `Advance Tax (100)` निवडा आणि मूल्यांकन वर्ष `2026-27`. चालू आर्थिक वर्ष २०२५-२६ आहे म्हणून घाईत `2025-26` निवडणारे दरवर्षी भेटतात. पैसे मागच्या वर्षात जाऊन बसतात आणि दुरुस्तीसाठी फेऱ्या. चलनाची पीडीएफ वहीसोबत ठेवा. आणि आज एकदा २६एएस उघडून बघा.

शनिवारचा मास्तर | १४ जानेवारी

बघितलं. तिळगूळ घ्या आणि ऐका: एप्रिल ते सप्टेंबर सहा बिलं, टीडीएस ४,८०० हवा, दिसतोय ४,०००. ऑगस्टचं बिल गायब. ऑक्टोबरनंतरचं तर काहीच नाही.

जमाखर्च | १४ जानेवारी

ऑक्टोबर ते डिसेंबरची काळजी नको, त्या तिमाहीचं विवरण भरायला एजन्सीला ३१ जानेवारीपर्यंत मुदत असते. ऑगस्टचं मात्र खटकतंय. एकतर कापून भरलं नाही, नाहीतर पॅन चुकीचा टाकला. तुमच्या बिलाची प्रत आणि ७,२०० जमा झाल्याची बँकेची ओळ जोडून त्यांच्या अकाउंटंटला मेल करा, सुधारित विवरण भरायला सांगा. फोन नको, लेखी हवं. उत्पन्न मात्र ८,००० च धरायचं, ते टीडीएसमध्ये दिसो न दिसो.

शनिवारचा मास्तर | १९ जानेवारी

मेल केला, उत्तर आलं: "ऑगस्टचं बिल आम्हाला मिळालेलंच नाही." मग ७,२०० कशाचे पाठवले, हे विचारलंय. दोन दिवस शांतता आहे. आणि मुद्रितशोधन करणाऱ्या ताईंनी विचारलंय, त्यांचे १६,००० मी दाखवले तर त्यांनाही रिटर्न भरावं लागेल का? त्यांचं दुसरं उत्पन्न मला ठाऊक नाही. कोणी सांगेल?