दिवाळीला क्लायंटना काय देता? अनुभव सांगा

माळा आवरताना पाच वर्षांपूर्वीचा रिकामा गिफ्ट बॉक्स सापडला आणि तो फोन आठवला. आमचं छोटं प्रेस, चाळीस क्लायंट, प्रत्येकी ६०० चं बजेट. त्यातले १४० नुसत्या बॉक्स आणि रिबिनीतच गेले. आत काजू-बदाम, चिवडा आणि ओट्सच्या वड्या. पाकिटांवर हिरवा ठिपका बघून निर्धास्त होते. धनत्रयोदशीला एका क्लायंटचा फोन, "ताई, वडीत मध आहे, आम्हा जैनांना चालत नाही. शेजारी देऊन टाकल्या." रागावले नव्हते, पण मला फार लागलं. मधाला हिरवा ठिपकाच असतो, लसणाच्या चिवड्यालाही. आता मागचे घटक वाचल्याशिवाय काही भरत नाही.

केदार_एम
सरळ शुगर फ्री खजूर-अंजीर रोल द्या. जैन, डायबेटिसवाले सगळ्यांना चालतं.

स्मिता७१
नाही हो केदार. वरून साखर घातलेली नसते इतकंच, खजुराची असतेच. आमच्या बाबांनी निर्धास्तपणे चार रोल खाल्ले आणि शुगर चढली. आणि अंजीर बरेच जैन खात नाहीत.

केदार_एम
अंजिराचं माहीत नव्हतं 🙏 यादीत तीन जैन आहेत.

परचेसवाली
बारा वर्षं हेच काम करतेय. ड्रायफ्रूटचा चार खणांचा डबा प्रत्येक सप्लायर पाठवतो. एका क्लायंटच्या रिसेप्शनवर एका रंगाचे नऊ डबे रचलेले पाहिले, त्यात आमचा कुठला तेही कळेना. तेव्हापासून वहीत क्लायंटपुढे तीन रकाने: गेल्या वर्षी काय दिलं, काय चालत नाही, ऑफिसात माणसं किती. नवरात्रातच त्यांच्या अकाउंटंटना फोन करून विचारते. गेली दोन वर्षं थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट देतेय. दोन्ही टिकतात आणि दुसरं कुणी पाठवत नाही. मेतकुटात हळद-सुंठ असते, वाळलेली म्हणून बहुतेक जैनांना चालते, तरी विचारते.
बॉक्स मात्र लहान घ्या. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ३५×३०×१५ चा बॉक्स म्हणजे ३.१५ किलो, आत माल दीड किलो असला तरी. आमचे निम्मे पैसे हवेचे जात होते.

रोहन_पुणे
स्टाफला बोनस कधी देता सगळे? आमच्याकडे अजून पत्ता नाही.

स्मिता७१
रोहन, इथे क्लायंटचं चाललंय रे. पण मिळो लवकर.

नि_शा
बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं ना?

परचेसवाली
गिफ्टवर नाही, कलम १७(५)(एच). बजेट जीएसटी धरूनच करा.

नि_शा
अरे देवा, मी वजा करून ठरवलं होतं. पुन्हा बसते.

केदार_एम
भाजणी परप्रांतीय क्लायंटना कळते का? आमचे अर्धे गुजराती आहेत.

परचेसवाली
सोबत कृतीचा कागद ठेवते. तरी दोघांनी चकलीचं पीठ समजून चकल्या केल्या, तेलात विरघळल्या. गुजराती क्लायंटचं अजून नक्की जमलेलं नाही मला.

स्मिता७१
भाजणी कुणाकडून घेता? मेसेज करा ना, दळण लावायला निघालेय.