उत्तर: वाय-फायचा बँड २.४ की ५ गिगाहर्ट्झ?

> "१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण फोनवर ४० च्या वर जातच नाही. कुठलं उपकरण कुठल्या बँडवर ठेवू?"

फोनच्या वाय-फाय तपशिलात Link speed बघा. तिथे ७२ एमबीपीएस दिसलं तर फोन बहुधा २.४ वर आहे, आणि त्यातला साधारण निम्माच वेग हाती येतो. म्हणजे तुमचे ४० बरोबरच आहेत, कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. तोच फोन ५ वर टाकलात की साधारण ४३३ दिसेल, आणि १०० सहज मिळतील.

कारण चॅनलच्या रुंदीचं आणि गर्दीचं आहे. २.४ वर एकमेकांना न भिडणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीतले सगळे राउटर त्यांवरच दाटीवाटी करतात, वर मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ आहेतच. ५ वर चौपट रुंद चॅनल मिळतो, पण तो सिमेंटच्या भिंतींपुढे लवकर हात टेकतो.

त्यामुळे टीव्ही, लॅपटॉप आणि राउटरच्या खोलीतले फोन ५ वर ठेवा. स्मार्ट प्लग, बल्ब, प्रिंटर आणि जिन्यातला कॅमेरा २.४ वर, यातल्या बऱ्याच वस्तूंना ५ दिसतच नाही. दोन भिंतींपलीकडच्या खोलीत मात्र ५ चा हट्ट नको. सिग्नल -७५ डीबीएमपेक्षा कमजोर झाला की २.४ च बरा. टीव्हीला केबल जात असेल तर तीच लावा, वाय-फाय बाकीच्यांना मोकळं राहतं.

राउटरमध्ये दोन्ही बँड एकाच नावाखाली आणणारं Smart Connect चालू असेल तर ते बंद करून दोन्ही बँडना वेगळी नावं द्या.