टेस्टोस्टेरॉन कमी आणि मनगट मोडलं: डेक्सा करायची की हे फॅड?

बोरिवलीकर56: वय 56, पोट सुटलेलं. महिन्यापूर्वी दादरला फुटपाथवरून उतरताना पाय मुरगळला, हातावर पडलो, डावं मनगट मोडलं. त्यानंतर ऑफिसच्या पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉन 240 आलं. रक्त दुपारी चारला, जेवून दिलं होतं. डॉक्टर डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारी तपासणी, करा म्हणतात. थोरले बंधू म्हणतात, ती बायकांची तपासणी. काय करू?

गिरगावचा काका: बंधू बरोबर. आमच्या वडिलांनी 88 वर्षं काढली, हाड कसलं मोजताय? पॅकेजवाले आधी आकडा दाखवून घाबरवतात, मग पुढची तपासणी विकतात. नाचणी खा, सकाळी गच्चीवर चकरा मारा.

जिमवेडा_ठाणे: काका, नाचणीने टेस्टोस्टेरॉन वाढत नाही. 240 म्हणजे कमीच. हार्मोन कमी झालं की स्नायू आणि हाड दोन्ही जातात. सरळ इंजेक्शन सुरू करा, हाड आपोआप भरेल. डेक्साची गरजच काय?

मशीनवाल्या_मावशी: मी डेक्साच्या मशीनवर एकवीस वर्षं काढली, म्हणून थोडं लांब लिहिते.

बोरिवलीकर, दुपारी जेवणानंतर घेतलेल्या त्या 240 वर मी काहीच ठरवणार नाही. पुरुषांत हा आकडा सकाळी जास्त असतो आणि जेवल्यावर उतरतो. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजा. पोट सुटलं असेल तर हार्मोनला रक्तात धरून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी होतं, म्हणून एकूण आकडा खाली दिसतो, खरी कमतरता नसतानाही. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

पण डेक्सा कराच, आणि तीही मनगटासाठी! उभ्या उंचीवरून पडून पन्नाशीनंतर हाड मोडलं, तर तेवढंच कारण पुरेसं आहे. टेस्टोस्टेरॉन 600 आलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं. सायकलवरून ट्रकखाली गेला असतात तर वेगळी गोष्ट.

जिमवेडा, तुमचं अर्धं बरोबर. पुरुषाचं हाड राखायचं काम मुख्यतः इस्ट्रोजेनच करतं, आणि पुरुषाच्या शरीरात ते टेस्टोस्टेरॉनमधूनच तयार होतं. म्हणून दीर्घकाळ खरी कमतरता राहिली की हाड झिजतं. इंजेक्शनने घनता थोडी वाढतेही. मोडणं मात्र कमी होईलच असं नाही. 2024 साली ट्रॅव्हर्स अभ्यासाचा निकाल आला. पाच हजारांवर पुरुष, टेस्टोस्टेरॉन जेल लावणारे आणि नुसतं जेल लावणारे. तीन वर्षांत हजारी साधारण 35 जणांचं हाड मोडलं टेस्टोस्टेरॉनच्या गटात, दुसऱ्यात 25.

जिमवेडा_ठाणे: त्यात हाडं आधीच ठिसूळ असलेले मुद्दाम निवडले नव्हते ना? मग बोरिवलीकरांना तो कसा लागू?

मशीनवाल्या_मावशी: रास्त प्रश्न. नव्हते निवडले. ते जास्त का मोडले हेही कुणी नक्की सांगू शकलेलं नाही, कदाचित जोर आला म्हणून हालचाल वाढली असेल. पण "हाडासाठी इंजेक्शन" हा दावा त्याने उभा राहत नाही. ठिसूळपणा निघाला तर हाडाची वेगळी औषधं आहेत.

परळची_मुलगी: माझे बाबा 71, प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेतात, टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्य. त्यांना कुणी डेक्सा सांगितली नाही. काल कुकर उचलताना पाठ धरली.

मशीनवाल्या_मावशी: अगं, हा तर धाग्यातला सगळ्यात निकडीचा मुद्दा. या उपचारात पहिल्याच वर्षी हाड झपाट्याने उतरतं. पाठ धरली आहे, तर आधी मणक्याचा एक्स-रे. मणका दबलेला असू शकतो, कधी तर दुखतही नाही, नुसती उंची घटते. डेक्सा करताना खुबा आणि मणक्याबरोबर मनगटाजवळचं हाड पण मोजायला सांग. म्हाताऱ्या मणक्यावर वाढलेली हाडं मशीनला घनता वाटतात. मी असे कितीतरी अहवाल पाहिलेत: मणका उणे 0.6, म्हणजे झकास, आणि खुब्याचं हाड उणे 2.7, म्हणजे ठिसूळ. मणक्यावर विसंबले असते तर नातेवाईक पेढे वाटत गेले असते.

गिरगावचा काका: म्हणजे माझ्यासारख्या 64 वर्षांच्या ठणठणीत माणसानेही करायची?

मशीनवाल्या_मावशी: हाड मोडलं नसेल, स्टिरॉइड किंवा सिगारेट नसेल, अंग फार वाळलेलं नसेल, तर घाई नाही. सत्तरीत करा. तोवर एक करा: हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. पंधरा सेकंदांच्या वर गेलात तर मांड्या कमकुवत झाल्यात, आणि माणूस पडतो तो त्याच कारणाने.

गिरगावचा काका: बावीस लागले. खुर्ची खोल आहे आमची.

बोरिवलीकर56: डाव्या मनगटात आता प्लेट आहे. मग मोजायचा कुठला हात?

मशीनवाल्या_मावशी: उजवा.