मदत हवी आहे: भावाला आलेली नोकरीची ऑफर खरी आहे का, कसं तपासू?

सायली_नाशिक
धाकटा भाऊ यंदा बी.कॉम. झाला. गेल्या आठवड्यात लिंक्डइनवर एका मोठ्या कंपनीच्या एचआर बाईंचा मेसेज आला. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसत्या चॅटने मुलाखत झाली आणि दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर ऑफर लेटर. आता लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून ६,५०० रुपये मागतायत, पहिल्या पगारात परत देणार म्हणे. मेल जीमेलवरून नाही, कंपनीच्या नावाचाच आहे. प्रोफाइलही २०१६ पासूनची आहे. घरात पेढे वाटून झालेत, त्यामुळे शंका काढणारी मीच वाईट ठरतेय. उद्या दुपारपर्यंत मुदत आहे. काय तपासू?

खटपट्या
कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, त्या मेलच्या तीन टिंबांवर जाऊन `Show original` दाबा. SPF आणि DKIM समोर PASS असेल तर मेल खरा. बिनधास्त राहा.

सायली_नाशिक
दोन्हीकडे PASS आहे! म्हणजे भरू का पैसे?

जुना_सिसअ‍ॅडमिन
भरू नका. खटपट्याराव, अर्धंच सांगितलंत. PASS म्हणजे ज्या डोमेनच्या नावावर तपासणी झाली, मेल त्याच डोमेनच्या परवानगीने निघाला. ते डोमेन कोणाचं, हे त्यातून कळत नाही. ठगाने स्वतः डोमेन विकत घेऊन नीट सेटिंग केलं तर त्यालाही PASS मिळतो. FAIL आला तर सावध व्हायचं, पण PASS हे प्रमाणपत्र नव्हे. ताई, @ च्या पुढे काय आहे ते अक्षर न् अक्षर लिहा.

सायली_नाशिक
कंपनीचं नाव, मग डॅश, मग careers.com.

जुना_सिसअ‍ॅडमिन
तिथेच मेख आहे. पत्ता उजवीकडून वाचायचा. .com च्या लगेच डावीकडे, आधीच्या टिंबापर्यंत जे असतं, ते मालकाचं नाव. careers, मग टिंब, मग कंपनीचं नाव असतं, तर ते कंपनीच्याच ताब्यातलं. डॅश लावला की ते संपूर्ण वेगळं डोमेन होतं आणि शिल्लक असेल तर कोणालाही विकत घेता येतं. आता lookup.icann.org वर ते डोमेन टाका आणि नोंदणीची तारीख बघा.

सायली_नाशिक
बापरे. एकोणीस दिवसांपूर्वीची आहे. कंपनी तर माझ्या जन्माआधीची.

मिरजकर
माझ्या मेव्हण्याला टेलिग्रामवर हॉटेलांना स्टार द्यायचं काम मिळालं होतं. आधी दीडशे रुपये खरंच खात्यात आले, मग 'प्रीपेड टास्क' म्हणून त्याच्याकडूनच पैसे घेत गेले. तुम्हालाही तेच टास्क दिलंय का?

सायली_नाशिक
नाही हो, इथे टास्क वगैरे काही नाही.

एचआरवाली_पुणे
मी याच धंद्यात आहे म्हणून दुसरी बाजू सांगते. भरतीसाठी खरंच वेगळं डोमेन घेणाऱ्या कंपन्या असतात आणि कन्सल्टन्सीवाले त्यांच्या पत्त्यावरून मेल करतात. त्यामुळे नुसत्या डोमेनवरून फाशी देऊ नका. पण रुजू होण्याआधी लॅपटॉपचे पैसे? आमच्याकडे तरी असं कधीच नसतं. कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघडा आणि तिथल्या बोर्ड नंबरवर फोन करा. ऑफर लेटरवरच्या नंबरवर नको, तो उचलणारा त्यांचाच माणूस असायचा. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी कोणाचं नाव दिसतं, तेही बघा.

सायली_नाशिक
एका माणसाचं नाव येतंय, कंपनीचं नाही. पण मग २०१६ ची प्रोफाइल कशी?

जुना_सिसअ‍ॅडमिन
प्रोफाइलवर `More` मध्ये `About this profile` असतं. तिथे फोटो आणि संपर्काची माहिती शेवटची कधी बदलली ते दिसतं.

सायली_नाशिक
दोन्ही याच महिन्यात बदललंय.

जुना_सिसअ‍ॅडमिन
मग जुनं खातं कोणीतरी हॅक केलं असेल किंवा विकत घेतलं असेल. किंवा बाई खऱ्या असतील आणि फोटो नवा लावला असेल. बाहेरून छातीठोक सांगता येणार नाही.

सायली_नाशिक
बोर्डवर फोन केला. ऑपरेटर म्हणाले, या नावाचं कोणी यादीत नाही, एचआरला विचारून सोमवारी कळवतो. पण भावाने आधार, पॅन आणि कॅन्सल चेक आधीच पाठवलाय.

एचआरवाली_पुणे
आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, यूआयडीएआयच्या साइटवर होतं. महिन्याभराने सिबिल रिपोर्ट काढून त्याच्या नावावर भलतंच कर्ज नाही ना, ते बघा. पैसे गेले असते तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करायचा. तुमचे गेले नाहीत, तर सरकारच्या संचार साथी साइटवरच्या 'चक्षू'वर तो व्हॉट्सअ‍ॅप नंबर कळवा. तिथे ३० दिवसांच्या आतलंच घेतात.

खटपट्या
माझी चूक झाली ताई. PASS बघून मीही एकदा फॉर्म भरलाय, आता तोच शोधतोय.

सायली_नाशिक
बायोमेट्रिक लॉक झालं. भाऊ अजून म्हणतोय सोमवारपर्यंत थांबू. त्या बाईंचा मात्र आत्ताच मेसेज आला: डिपॉझिट अर्धंच भरलं तरी चालेल.