अनुभव धागा: निरोपाचं भाषण, तेही फ्रेंचमधून

धागाकर्ती, जळगाव: बावीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवलं, आता एप्रिलअखेर निवृत्त होतेय. सहकारी, पालक आणि मुलं, तिघांचे आभार फ्रेंचमधून मानावेत असा मुलांचाच हट्ट आहे. चार मिनिटं बोलायचंय. तुम्ही कुणी असं बोलला असाल तर कुठे अडलात ते सांगा.

चाळीसगावची लेक: मी शेवटच्या वाक्यात अडले. 'तुमची फार आठवण येईल' म्हणायचं होतं. इंग्रजी डोक्यात ठेवून 'ज व्हे वू मांके' म्हटलं आणि समोरच्या फ्रेंच पाहुण्या हसल्या. त्याचा अर्थ झाला 'तुम्हाला माझी आठवण येईल'! बरोबर वाक्य 'वू झाले म मांके'. ज्याची आठवण येणार तो तिथे कर्ता असतो, जसं आपण 'तुम्ही मला आठवाल' म्हणतो. माझी आजी 'माले तुमनी याद येस' म्हणायची, त्यातही 'मी' कर्ता नाहीच. मराठीतून विचार केला असता तर चुकले नसते.

केळीवाला, रावेर: आमच्या वडिलांचं निवृत्तीचं भाषण अहिराणीत झालं होतं. अख्खी शाळा रडली. पेन्शनचे कागद मात्र आधीच भरून ठेवा ताई.

तापीकाठ: 'रमेर्सिए' हे क्रियापद टाळा. त्याचा अर्थ नोकरीवरून काढणं असाही होतो.

निवृत्त फ्रेंच मास्तर, धुळे: अर्थ खरा आहे, पण तो 'अमक्याला रमेर्सिए केलं' अशा बोलण्यात येतो. 'ज वू रमेर्सी' म्हणून समोरच्याकडे पाहिलं की आभारच होतात, निर्धास्त म्हणा. फक्त 'वू' च्या जोडीला 'आ' लावू नका, हे क्रियापद सरळ कर्म घेतं. मुलांना 'एत्युदियाँ' म्हणू नका, ते कॉलेजवाले, शाळेतले 'एलेव्ह'. आणि 'शेर पाराँ' म्हणताना समोर तुमची स्वतःची आई बसली असेल, तर तिला वाटेल तिच्याशीच बोलताय. 'शेर पाराँ देलेव्ह' म्हणा, म्हणजे विद्यार्थ्यांचे पालक.

धागाकर्ती: मास्तर, आई पहिल्याच रांगेत असणार आहे! कागदावर पेन्सिलीने बदल केला. 'वू झाले' मधल्या 'झ' खाली रेघ मारली, घाईत तोच गळतो. पण पालकांचा परिच्छेद फ्रेंचमध्ये ठेवू का? निम्म्यांना एक अक्षर कळणार नाही.

चाळीसगावची लेक: तेवढा मराठीत बोला. ज्याचे आभार मानायचे त्याला कळायला नको का?

एक पालक, अमळनेर: नाही मॅडम, आमचाही भाग फ्रेंचमध्येच ठेवा. माझी पोरगी शेजारी बसेल आणि कानात सांगेल. तुम्ही तिला काय शिकवलंत ते मला त्या दिवशी ऐकायचंय.